दहा-दहाचा सेल: 310 ऑर्डरी आल्या, तरी पैसे गेले

ऑनलाइन विक्रीच्या कामात मी नवी होते तेव्हाची गोष्ट. वह्या, डायऱ्या आणि पेनं विकणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानात मी नुकतीच लागले होते आणि पहिलंच मोठं काम माझ्याकडे आलं: 10 ऑक्टोबरला एका दिवसाचा सेल. रोज साधारण 40 ऑर्डरी येणाऱ्या दुकानात त्या दिवशी 310 आल्या. रात्री आम्ही पार्सलांच्या ढिगात बसून एकमेकांची पाठ थोपटली. त्या दहा-दहाने आपल्याला पैसे मिळवून दिले नाहीत, उलट आपले पैसे गेले, हे मला तीन आठवड्यांनी कळलं. या कामात नव्याने येणाऱ्यांना मला मुख्यतः तोच हिशेब दाखवायचा आहे.

आधी तारखेबद्दल. जोडअंकी तारखांच्या सेलची लाट आली ती 11 नोव्हेंबरमुळे. चीनमध्ये अलिबाबाने 2009 साली त्या दिवशी 27 ब्रँड घेऊन सेल भरवला आणि पुढे त्याचा आकार अवाढव्य झाला. नऊ-नऊ, दहा-दहा, बारा-बारा ही त्याचीच भावंडं. या तारखांचा एक साधा फायदा आहे. दिवस आधी लिहा किंवा महिना आधी, 10/10 तसंच वाचलं जातं, त्यामुळे कुठल्याही देशातल्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नाही. शिवाय ती लक्षात राहते आणि सेल कधी संपणार हे तिच्या नावातच असतं. पण तारखेचं काम इथेच संपतं. माल का घ्यावा, याचं कारण ती देत नाही. आम्ही मात्र तेही तिच्यावरच सोडलं होतं: सगळ्या दुकानावर सरसकट 20 टक्के सवलत, आणि आठवडाभर आधीपासून जाहिरात, ‘दहा-दहाला सगळं 20 टक्के कमी’.

आता हिशेब. सोयीसाठी समजा की प्रत्येक ऑर्डरमध्ये 100 किमतीची एकच वस्तू आहे. मालाचा खर्च 55, पॅकिंग आणि पोहोचवण्याचा 15, हाती उरतात 30. किंमत 20 टक्क्यांनी उतरून 80 झाली तरी खर्च 70 चा 70 च राहतो, म्हणजे उरतात 10. सवलत 20 टक्क्यांची, पण नफा दोन तृतीयांशांनी खाली. नवा माणूस पहिला इथेच घसरतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे विक्रीचा आकडा असतो. रोजच्या 40 ऑर्डरींवर 1200 सुटायचे. तेवढेच सुटायला सेलच्या दिवशी 120 ऑर्डरी लागणार होत्या. आमच्या तर 310 झाल्या, 3100 हाती आले, मग बिघडलं कुठे?

बिघडलं ते दहा तारखेच्या आधी आणि नंतर. जाहिरात 3 तारखेला लागली. दहाला हेच 20 टक्के कमी किमतीत मिळणार हे कळल्यावर पाच तारखेला डायरी कोण घेईल? 3 ते 9 या सात दिवसांत रोजच्या ऑर्डरी 40 वरून 24 वर आल्या. सेलनंतर, 11 ते 20 या दहा दिवसांत, त्या सरासरी 29 होत्या, कारण ज्यांना महिनाअखेरीला वही लागणार होती त्यांनी ती दहालाच घेऊन ठेवली होती. आधीच्या 168 आणि नंतरच्या 290 ऑर्डरी पूर्ण किमतीच्या, त्यांचे 5040 आणि 8700. सेलचे 3100 मिळवले की अठरा दिवसांचे 16,840 होतात. सेल केलाच नसता तर 40 च्या हिशेबाने 21,600 झाले असते. 4760 गेले. एवढं करून त्या अठरा दिवसांत खरोखर वाढलेल्या ऑर्डरी फक्त 48. बाकीच्या आमच्याच, फक्त दुसऱ्या दिवसावरून उचलून दहा तारखेवर ठेवलेल्या.

उलटा हिशेबही करून पाहिला. आधी-नंतरचे खड्डे भरून नुसतं बरोबरीत यायला त्या दिवशी 786 ऑर्डरी लागल्या असत्या. एवढी पार्सलं बांधायला आमच्याकडे माणसंही नव्हती.

हा खड्डा तुमच्याकडे पडलाय की नाही हे दहा तारखेचा आलेख पाहून कळत नाही. सेलच्या, आणि जाहिरातीच्याही, आधीचे चार आठवडे घ्या, प्रत्येक वाराची सरासरी काढा आणि जाहिरात लागल्यापासून सेलनंतर दहा दिवसांपर्यंतचा रोजचा आकडा त्या-त्या वाराशी ताडून पाहा. वार महत्त्वाचा, कारण 10 ऑक्टोबर दर वर्षी वेगळ्या वारी येतो: 2025 मध्ये शुक्रवार, 2026 मध्ये शनिवार. म्हणून यंदाचा दहा-दहा गेल्या वर्षीच्या दहा-दहाशी थेट ताडू नये. गंमत म्हणजे एकाच वर्षातले चार-चार, सहा-सहा, आठ-आठ, दहा-दहा आणि बारा-बारा हे सगळे एकाच वारी येतात. हे मला कॅलेंडर चाळताना सापडलं आणि आधी खरं वाटेना. यातले दोन सेल एकमेकांशी ताडायचे असतील तर निदान वाराची भानगड नसते.

पुढच्या वर्षी मी दोन गोष्टी बदलल्या. पहिली, आधी काय सांगायचं ती. जाहिरात सात तारखेला, म्हणजे तीनच दिवस आधी लावली आणि तिच्यात फक्त तारीख सांगितली. कशावर किती सवलत ते नाही. काय स्वस्त होणार हेच माहीत नसेल तर हवी असलेली वस्तू लोक थांबवून धरत नाहीत, निदान बरेच जण धरत नाहीत.

दुसरी, सवलत कशावर द्यायची ती. सुट्या वस्तूंच्या किमतींना हात लावला नाही. तीन वस्तूंचा एक संच केला, तो फक्त त्याच दिवशी मिळणारा. सुट्या घेतल्या तर 300 च्या वस्तू, संच 240 ला. सवलत तीच, 20 टक्के. पण मालाचा खर्च 165 आणि एकाच खोक्यात जात असल्याने पॅकिंग-पोहोचचे 45 ऐवजी 20, म्हणजे एका ऑर्डरवर 55 सुटतात. पहिल्या वर्षी 10 सुटत होते. संचात रोज खपणारी एकच वस्तू ठेवली. बाकीच्या दोन अशा, की लोक त्या पाहतात पण एकट्या सहसा घेत नाहीत. तिन्ही रोज खपणाऱ्या घेतल्या असत्या तर पुढच्या महिन्याची विक्री आम्हीच आजच उचलून ठेवली असती.

त्या वर्षी दहा तारखेला 84 संच गेले आणि 38 साध्या ऑर्डरी आल्या. एकूण 122. मालक हिरमुसले, कारण गेल्या वर्षीचे 310 त्यांच्या डोक्यात होते. पण सात ते वीस या चौदा दिवसांचा ताळेबंद मांडला तेव्हा 16,800 च्या जागी 19,500 दिसले. आधीच्या खड्ड्यात रोजच्या ऑर्डरी 36 वर थांबल्या होत्या, नंतरच्या खड्ड्यात 35 वर. खड्डा पूर्ण भरत नाही, हे गृहीतच धरावं.

घड्याळाने घातलेला घोळही सांगते, कारण तो पहिल्या वर्षी आमच्या अंगाशी आला. पानावरची ‘सेल सुरू’ पट्टी गिऱ्हाइकाच्या ब्राउझरच्या वेळेवर चालत होती आणि किंमत बदलणारी यंत्रणा सर्व्हरच्या, म्हणजे UTC या जागतिक प्रमाणवेळेवर. परिणाम असा की काही जणांना मध्यरात्री पट्टी दिसत होती आणि कार्टमध्ये जुनीच किंमत. एका बाईने लिहिलं, “आधी ठरवा, आज दहा तारीख आहे की नऊ?” प्रश्न अगदी रास्त होता. जगभरातल्या सगळ्या वेळा धरल्या तर 10 ऑक्टोबर ही तारीख पृथ्वीवर कुठे ना कुठे तब्बल 50 तास चालू असते. एक टाइम झोन ठरवा, तो जाहिरातीत लिहा, पट्टी आणि किंमत दोन्ही त्यालाच बांधा, आणि मध्यरात्री स्वतः एक ऑर्डर टाकून पाहा. सेल संपताना एक प्रश्न हमखास येतो: 11:58 ला कार्टमध्ये टाकलेल्या मालाचे पैसे 12:03 ला भरले तर कुठली किंमत? आम्ही पैसे भरायला पंधरा मिनिटांची मुभा ठेवली. ती जाहीर करत नाही.

शेवटचा मुद्दा मुदतीचा. संध्याकाळपर्यंत आकडा कमी दिसला की कुणीतरी म्हणतंच, ‘लोकाग्रहास्तव उद्याही चालू ठेवू.’ ज्यांनी धावपळ करून दहालाच ऑर्डर टाकली ते यात मूर्ख ठरतात आणि पुढच्या वेळी धावत नाहीत. तारखेचा सगळा जोर ती संपते यात आहे. शिवाय मूळ किमतीचा एक अडकित्ता आहे. युरोपीय संघात 28 मे 2022 पासूनच्या नियमानुसार सवलत जाहीर करताना आधीच्या 30 दिवसांतली सर्वांत कमी किंमत ही ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवावी लागते. सेलच्या आदल्या आठवड्यात किंमत चढवून मग उतरवायची, या जुन्या खोडीवरचा तो उपाय. आता दिवस मोजा: 9 सप्टेंबर ते 10 ऑक्टोबर 31 दिवस होतात. नऊ-नऊचा सेल वेळेवर संपवला तर त्याची कमी किंमत दहा-दहाच्या 30 दिवसांबाहेर राहते, जेमतेम एका दिवसाने. तोच सेल लोकाग्रहास्तव 10 सप्टेंबरपर्यंत ओढला तर ती कमी किंमत आत येते, आणि महिन्याभराने त्याच वस्तूवर तेवढीच सवलत दिली तर ‘आधीची किंमत’ आणि सेलची किंमत सारखीच निघते. कागदावर सवलत शून्य. नियम तुमच्या देशात असो वा नसो, किमती टिपून ठेवणारं गिऱ्हाईक सगळीकडे असतं.

मी आता दर महिन्याच्या जोडतारखेला सेल करत नाही. नऊ-नऊपासून बारा-बारापर्यंत दर 31-32 दिवसांनी सेल आला की लोक पगाराच्या तारखेसारखी त्याची वाट पाहायला शिकतात, आणि आधी-नंतरचे खड्डे एकमेकांना जाऊन मिळतात. मग तुलनेला चार साधे आठवडेच उरत नाहीत. वर्षाला दोन करते, चार-चार आणि दहा-दहा. संच दर वेळी वेगळा, आणि हिशेब 21 तारखेला. त्याआधी आकडा विचारायचा नाही, हे मालकांनीही आता कबूल केलंय.