या चुका टाळा: रिटेन्शनच्या तक्त्यातले कच्चे खाने

केळीचे भाव दाखवणाऱ्या एका अ‍ॅपसाठी जळगावात बसून मी कोहॉर्ट तक्ता बनवत होतो, म्हणजे एकाच आठवड्यात साइनअप केलेल्यांची एक तुकडी धरून त्यातले किती जण पुढे परत येतात, याचा. वापरणारे बहुतेक रावेर-यावल पट्ट्यातले केळी उत्पादक. पहाटे उठून ते भाव बघतात, कारण कापणीची मजूर-गाडी सांगायची की थांबायचं, हे त्यावर ठरतं. ६ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी, गुरुवारी, मी तक्ता टीमपुढे ठेवला. आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून इथे गोल केले आहेत. सोमवारपासून सुरू होणाऱ्या चार आठवड्यांच्या चार तुकड्या होत्या आणि 'आठवडा १' मध्ये, म्हणजे साइनअपनंतर ७ ते १३ दिवसांत, परत आलेले असे:

६ जानेवारी: २०० पैकी ८०, ४०%
१३ जानेवारी: १५० पैकी ६०, ४०%
२० जानेवारी: २५० पैकी ९०, ३६%
२७ जानेवारी: ४०० पैकी ६०, १५%

प्रॉडक्ट बघणाऱ्या ताईंनी लगेच विचारलं, "भाऊ, २७ तारखेला काय बिघडलं?" त्याच सोमवारी साइनअपचा फॉर्म छोटा केला होता. तो जुन्यासारखा करायचा, इथपर्यंत बोलणं गेलं.

बिघडलं काहीच नव्हतं. माझ्याकडे डेटा ५ फेब्रुवारीपर्यंतचा होता. २७ जानेवारीला आलेल्या माणसाचा आठवडा १ म्हणजे ३ ते ९ फेब्रुवारी, त्यातले तीनच दिवस झाले होते. ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी या चार दिवसांत आलेल्यांचा आठवडा १ सुरूच झाला नव्हता, तरी भागायला ते सगळे ४०० मध्ये धरलेले. २० जानेवारीची तुकडीही थोडी कच्ची होती, आणि तीच जास्त फसवते. १५% बघून निदान शंका येते. ४०, ४०, ३६ अशी हळूहळू उतरण मात्र खरी वाटते.

खाना पिकला की नाही, हे तुकडीत सगळ्यात शेवटी आलेल्या माणसावरून ठरतं. तो रविवारी आला असेल, तर सोमवारपासून ६ दिवस, शिवाय आठवडा क्रमांकाचे सात-सात दिवस, आणि तो आठवडा पुरा व्हायला आणखी ६. पोस्टग्रेसमध्ये हे एवढंच. `cohort` म्हणजे तुकडीच्या सोमवारची तारीख, `wk` आठवडा क्रमांक, `active` परत आलेले आणि `n` तुकडीतले एकूण लोक:

```sql
CASE WHEN cohort + 7*wk + 12 <= DATE '2025-02-05'
     THEN round(100.0 * active / n) END
```

अट न बसल्यास NULL येतो आणि खाना रिकामा राहतो. त्याला `COALESCE` लावून शून्य करू नका. स्प्रेडशीटचं `AVERAGE` रिकामा खाना सोडून देतं, शून्य मात्र मोजतं. माझ्या तक्त्यात चारही तुकड्या धरून आठवडा १ चा आकडा १००० पैकी २९०, म्हणजे २९% येत होता. पिकलेल्या दोनच धरल्या तर ३५० पैकी १४०, म्हणजे ४०%.

दुसरी चूक भागाकाराच्या खालच्या आकड्याची. `users` आणि `activity` साध्या `JOIN` ने जोडले की साइनअपनंतर एकदाही अ‍ॅप न उघडलेले लोक गळून पडतात. ६ जानेवारीच्या २०० मध्ये असे ४० असतील, तर उरतात १६०, आणि ४०% चे ५०% दिसतात. म्हणून `n` आधी फक्त `users` मधून मोजून घ्या. आकडा अनपेक्षित चांगला आला की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

पहाटेच्या सवयीमुळे आमच्याकडे वेळेचा घोळही झाला. साइनअपची तारीख भारतीय वेळेत होती, अ‍ॅक्टिव्हिटीची यूटीसीत. पहाटे ५ ला अ‍ॅप उघडलं की यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेअकरा असतात. सातव्या दिवशी आलेला माणूस सहाव्या दिवशी मोजला जातो आणि आठवडा १ ऐवजी आठवडा ० मध्ये पडतो. दोन्हीकडे एकच रूपांतर लावा (कॉलम `timestamptz` असेल तर):

```sql
(created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

टीमला समजावताना मी आता आधी एकच खाना पूर्ण वाक्यात वाचतो: "६ जानेवारीच्या आठवड्यात आलेल्या २०० जणांपैकी ८० जणांनी सात ते तेरा दिवसांनी निदान एकदा भाव बघितला." मग त्याच स्तंभात वरून खाली, कारण फॉर्म बदलल्याचा फरक तुकड्या-तुकड्यांत दिसतो. ओळीत आडवं, म्हणजे एकाच तुकडीच्या पुढच्या आठवड्यांकडे गेलं की आकडा सहसा उतरतोच. ज्याचा बाग कापून झाला, तो पुढचे कितीतरी महिने भाव कशाला बघेल? ती उतरण फॉर्मच्या माथी मारू नये. कच्चे खाने राखाडी ठेवून त्यात पिकण्याची तारीख लिहितो. २० जानेवारीच्या खान्यात '८ फेब्रुवारी' लिहिलं, २७ च्या खान्यात '१५ फेब्रुवारी'.

फॉर्म तसाच ठेवला. १७ फेब्रुवारीला, सोमवारी, दोन्ही खाने भरले: २५० पैकी १०० आणि ४०० पैकी १६४, म्हणजे ४०% आणि ४१%.