‘आज शेवटचा दिवस’ लिहिण्याआधी: साडीच्या विक्री-ईमेलमधल्या या चुका टाळा

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातले साडी कारखानदार लग्नसराईच्या तोंडावर कोल्हापूर, सांगली, पुण्याच्या साडी दुकानदारांना ईमेल पाठवतात. त्यात बहुतेक वेळा एकच मजकूर असतो: ‘त्वरा करा! आज शेवटचा दिवस! फक्त 2 नग शिल्लक!’ आठवड्याने तेच ईमेल पुन्हा जाते. दुकानदार वर्षानुवर्षे माल घेणारा असतो, जुने ईमेल त्याच्याकडे तसेच पडलेले असते. त्यानंतर खरोखर माल संपत आला तरी तो विश्वास ठेवत नाही. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात सांगतो’ अशी उत्तरे वाढली की समजावे, आपल्या तारखेला किंमत उरलेली नाही.

खोटी शिल्लक दाखवणे ही नुसती वाईट सवय नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये फसव्या विक्री-पद्धतींची जी यादी जाहीर केली, तिच्यात खोटी घाई पहिल्या क्रमांकावर आहे. माल किंवा वेळ कमी असल्याचा खोटा आभास निर्माण करून घ्यायला लावणे तिच्यात बसते. थेट गिऱ्हाइकाला साडी विकत असाल, तर हे जास्तच जपायला हवे.

दुसरी चूक ‘आज’ आणि ‘उद्या’ या शब्दांची. सोमवारी पाठवलेले ईमेल दुकानदार बुधवारी उघडतो. त्याचा ‘आज’ वेगळा असतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहा. उलटे चालणारे घड्याळ लावूच नका. ते प्रत्येक वेळी उघडल्यावर नव्याने सुरू झाले, तर खोटेपणा तिथेच उघडा पडतो. विषयाच्या ओळीत उगाच ‘RE:’ लावून जुने बोलणे चालू असल्याचे भासवणे तर सरळ फसवणूक आहे.

पण दबावाचे शब्द काढले की कित्येक जण दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘सवडीने कळवावे’ एवढेच लिहितात. मग दुकानदाराला आजच उत्तर द्यायचे कारण उरत नाही. खरे कारण मागावर असते, ते तिथून उचलायचे.

समजा जांभळ्या रंगाचा ताणा मागावर आहे आणि बीमवर अंदाजे 100 मीटर उरला आहे. ब्लाउजपीससह एका साडीला सव्वासहा मीटर धरले तर 16 साड्या होतात. शेवटचा तुकडा वाया जातो म्हणून 15 लिहा. बीम संपले की दुसरा रंग चढणार, हेही लिहा. एवढ्याने दुकानदाराला कळते की थांबलो तर काय हातचे जाईल.

नव्या रंगात 40 साड्या हव्या असतील तर तारीख उलटी मोजावी. दुकानात माल 5 नोव्हेंबरला हवा. ट्रान्सपोर्टला 3 दिवस, घडी-पॅकिंगला 2. दोन माग, प्रत्येकी रोज 2 साड्या, म्हणजे विणायला 10 दिवस. सूत रंगवून बीम तयार करायला 6. मध्ये दसरा येतो, खंडेपूजेला माग बंद. त्याचे 2 दिवस. एकूण 23 दिवस, म्हणून मागणी मंगळवार, 13 ऑक्टोबरपर्यंत यायला हवी. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या मागाचा वेग वेगळा असेल, तर तोच धरा.

ईमेल असे होईल:

विषय: जांभळा ताणा, 15 साड्या शिल्लक; नव्या रंगांची मागणी 13 ऑक्टोबरपर्यंत

‘नमस्कार अण्णा, सध्याच्या बीमवर जांभळ्या रंगाच्या 15 साड्या निघतील, त्यानंतर हा रंग या हंगामात लावणार नाही. दुसरे रंग हवे असतील तर मंगळवार, 13 ऑक्टोबरच्या संध्याकाळपर्यंत रंग आणि नग कळवा, म्हणजे माल 5 नोव्हेंबरला पोचेल. नंतर कळवलेत तरी घेऊ, पण माल दिवाळीनंतर मिळेल.’

शेवटचे वाक्य काही जणांना नको वाटते, गिऱ्हाईक सैल पडेल म्हणून. पण तारीख चुकली तर काय होईल हे तेच सांगते, आणि ते खरे आहे. ‘नाहीतर पस्तावाल’ने हे काम होत नाही.

पाठवल्यावर शिल्लक घटली की आकडा बदला. आठवण एकदाच, 11 तारखेच्या सुमारास, आणि फक्त ज्यांचे उत्तर आलेले नाही त्यांना. तारीख वाढवायची वेळ आली, समजा सूत उशिरा आले, तर कारणासह सर्वांना कळवा. आधी मागणी दिलेल्यांनाही. हुबळी-धारवाडच्या दुकानदारांना कन्नडमधून वेगळे ईमेल जात असेल, तर दोन्हीकडे तारीख आणि आकडा एकच ठेवा. हे व्यापारी एकमेकांना फोन करतात, आणि दोन तारखा निघाल्या की दोन्ही खोट्या ठरतात.