पाच प्रश्नांच्या पोस्टमधला एक खरा प्रश्न

राज्यसेवेची तयारी सुरू करणाऱ्यांच्या पोस्टचा शेवट साधारण असा असतो: "मी बी.एस्सी. आहे. वैकल्पिक विषय कोणता घेऊ? भूगोल की मराठी साहित्य? क्लास लावावा का? नोट्स कुणाकडे आहेत? एका वर्षात होईल का?"

याला उत्तरं येतात, पण सोप्या प्रश्नांची. "क्लास नको", "ऑल द बेस्ट", "मलाही हेच विचारायचंय". वाचणारा आपल्याला झेपेल तो प्रश्न उचलतो आणि तुमचा अडलेला प्रश्न तसाच राहतो. मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० या एका वैकल्पिक विषयाचे आहेत. त्याचा निर्णय अशा उत्तरांवर घेऊ नका.

पाचही प्रश्न कागदावर वेगळ्या ओळींत लिहा. अभ्यासक्रम किंवा जुने पेपर पाहून ज्याचं उत्तर मिळतं, तो खोडा. नोट्सची मागणी हा प्रश्नच नाही, तीही खोडा. (दुसऱ्याच्या नोट्सवर वैकल्पिक विषय निघत नाही, हे माझं ठाम मत आहे.) उरलेल्यांना एकच कसोटी लावा: उत्तर उलटं आलं, तर उद्यापासून मी काही वेगळं करणार आहे का? "भूगोल की साहित्य?" इथे गळतो, कारण बहुतेकांचं मन आधीच एकीकडे झुकलेलं असतं आणि हवा असतो फक्त होकार. मनात साहित्य ठरलं असेल तर तसं सरळ लिहा, त्यात कमीपणा नाही.

खरा फसवा सापळा पुढे आहे. पाच प्रश्न खोडून लोक लिहितात, "साहित्याचा अभ्यास कसा करावा?" प्रश्नचिन्ह एक, पण पोटात वीस प्रश्न. उत्तर द्यायला अख्खा निबंध लिहावा लागेल, म्हणून जाणकार गप्प बसतात. "आणि"ने जोडलेले दोन प्रश्नही तसेच. "एका वर्षात होईल का?" यावर हो-नाहीपलीकडे काही येत नाही, कारण तुमचं वर्ष कसं आहे हे वाचणाऱ्याला माहीत नसतं.

म्हणून माहिती वर न्या आणि मत विचारण्याऐवजी काय घडलं ते विचारा:

"बी.एस्सी. झालंय, नोकरी करून रोज तीन तास मिळतात. मराठी साहित्य घ्यायचं ठरवलंय, पण पदवीला हा विषय नव्हता. तुमच्यापैकी ज्यांच्याही पदवीला तो नव्हता, त्यांना पूर्ण पेपर वेळेत लिहून व्हायला किती महिने लागले?"

आता ज्याने हा विषय लिहिलाय तोच बोलेल, आणि त्याला दोन ओळी पुरतील. "सात महिने, पण पहिले चार फक्त वाचण्यात गेले" असं उत्तर आलं, तर तुमच्या वेळापत्रकात लिखाण कधी सुरू करायचं हे लगेच ठरवता येतं. हा पेपर स्वतः न लिहिलेल्या मार्गदर्शकाच्या लांबलचक सल्ल्यापेक्षा मी ही एक ओळ धरेन.

उत्तरं कमी येतील, घाबरू नका. नोट्सचा प्रश्न राहिलाच, तर उत्तर देणाऱ्यालाच मागाहून विचारा.