रीलोकेशनचे ५० हजार हातात ३४,४०० का येणार होते, आणि मार्ग कसा निघाला

पुण्याहून गोव्यातल्या वेर्ण्याला रुजू होताना ऑफरमध्ये ५० हजार एकरकमी लिहिले होते. ती रक्कम पगारात धरली जाते आणि ३० टक्के स्लॅबला सेससह ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. सामानाचं कोटेशन होतं ४१ हजार. फार चिडचिड झाली.

‘थोडं वाढवा’ म्हणून फोन केले, उपयोग शून्य. सहीआधी पाठवलेल्या एका मेलने काम झालं. क्रम असा:

आधी तीन मूव्हर्सची लेखी कोटेशन्स जोडली. मग विचारलं, बिलावर भरपाई देताना टीडीएस कापणार का? ‘हो’ आलं, तेव्हा ४१,००० भागिले ०.६८८, म्हणजे ५९,६०० मागितले. हा हिशेब दिसला की एचआरला वरून मंजुरी घेणं सोपं जातं.

राहण्यासाठी रोख नको. बुकिंग कंपनीनेच करावं, १५ ऐवजी ३० दिवस. डिसेंबरात गोव्यात घरमालक पर्यटकांना देतात, अकरा महिन्यांच्या कराराचं घर पटकन मिळत नाही.

शेवटी वसुलीची अट: वर्षाआत सोडल्यास पूर्ण रक्कम नव्हे, उरलेल्या महिन्यांपुरतीच. हे सगळं सुधारित ऑफर लेटरमध्ये आल्यावरच सही.