अकरावी-बारावीला तोल शिकवताना ढकलण्याची दिशा दाखवा

खडू, ओळंबा, मोजपट्टी, गाद्या आणि मोकळी जागा एवढं पुरतं. नागपुरात मार्चनंतर हा तास सकाळीच घ्या. दुपारी मैदानात अनवाणी पाय टेकवत नाहीत.

सरळ उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली असतो, हे सांगून पुढे चला. मग विद्यार्थ्याच्या पायांभोवती खडूने रेघ ओढा. दोन पावलं आणि मधली मोकळी जागा मिळून आधारक्षेत्र होतं. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या रेघेच्या आत पडला तर स्थिर उभा माणूस पडत नाही.

खरी अडचण यानंतर येते. "खाली वाका, पाय फाकवा, तोल राहतो," असं बहुतेक प्रशिक्षक सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे, आणि मुलं तो तसाच पाठ करतात. किती तोल राहतो, हे कोणत्या दिशेने ढकललं यावर ठरतं.

कराटेतली किबा-दाची घ्या: पाय फाकवून, पावलं समांतर, गुडघे वाकवून. समजा पावलांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ८० सेंमी, पाऊल २४ सेंमी लांब, गुरुत्वमध्य ७० सेंमी उंचीवर आणि ओळंबा खडूच्या आकृतीच्या बरोबर मध्यावर. बाजूला पडायला गुरुत्वमध्य ४० सेंमी सरकावा लागतो, पुढे पडायला फक्त १२. शरीर ताठ धरलं तर बाजूला सुमारे ३० अंश कलेपर्यंत तोल टिकतो, पुढे जेमतेम १० अंश. हाच मुलगा पाय जुळवून ताठ उभा असता आणि गुरुत्वमध्य ९० सेंमीवर असता, तर पुढची मर्यादा साडेसात अंशांच्या आसपास आली असती. म्हणजे इतकं खाली बसून पुढच्या दिशेने मिळाले दोनच अंश!

हे फळ्यावर सांगून पटत नाही, करून दाखवा. समोरून एकाने त्याचे दोन्ही हात धरून हळू पुढे ओढावं, मग दुसऱ्याने कमरेजवळ बाजूने तेवढ्याच जोराने ढकलावं. झटका देऊ देऊ नका, समोर गादी हवीच. टाचा उचलल्या की ओळंबा बोटांकडे गेला, असं समजा. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याचा तोल मोडतात तोही याच अरुंद दिशेने: दोन्ही पावलं जोडणाऱ्या रेषेला काटकोनात.

वरचे अंश ताठ शरीराचे आहेत. माणूस पाऊल टाकून नवं आधारक्षेत्र तयार करतो, म्हणून प्रयोगात "पाऊल उचलायचं नाही" ही अट आधीच घाला. नाहीतर कुणीच पडणार नाही आणि वाद सुरू होईल.

जिम्नॅस्टिक्समधल्या बॅलन्स बीमची रुंदी १० सेंमी. अरुंद दिशा कोणती, ते मुलं आता स्वतःच सांगतील. हँडस्टँडमध्ये मात्र मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी महत्त्वाची. ओळंबा थोडा बोटांकडे पडू द्यावा, कारण तिकडे कललेलं शरीर बोटं जमिनीत दाबून परत आणता येतं. मनगटाकडे गेलं तर हाताशी तेवढा उपाय उरत नाही आणि पाय खाली येतात.