नोट्सवरून ग्रुपसाठी रोजचे रिव्हिजन मेसेज कसे बनवायचे

ग्रुपवर पूर्ण युनिटची पीडीएफ टाकली की सगळे अंगठा दाखवतात आणि उघडत कुणीच नाही, मीही नाही. नंतर मी पीडीएफचे तुकडे करून रोज एक परिच्छेद टाकायला लागलो, तरी तेच. परिच्छेद वाचताना सगळं येतंय असंच वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी याचाच प्रयोग केला होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ५ मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून मेसेजमध्ये माहिती नाही, प्रश्न टाकायचा.

उदाहरणाला हृदय आणि रक्ताभिसरणाचं युनिट घेऊ, नोट्स साधारण ९ पानांच्या. पेन्सिल घेऊन एकदा वाचून काढा आणि जिथे "का" विचारता येतं किंवा जिथे आपण स्वतः गोंधळतो तिथेच खूण करा. व्याख्या सगळ्या घेत बसू नका, नाहीतर ४० प्रश्न होतात आणि पाचव्या दिवशी ग्रुप म्यूट होतो. माझ्या खुणा बारा निघाल्या, तेवढ्या पुरतात.

आता एका खुणेचा मेसेज करून बघू. नोट्समधलं वाक्य असं आहे: "डाव्या निलयाची भिंत उजव्या निलयापेक्षा जाड असते, कारण त्याला रक्त संपूर्ण शरीरात पाठवायचे असते." हे जसंच्या तसं टाकलं तर लोक "ओके" म्हणून पुढे जातात. "कोणत्या निलयाची भिंत जाड असते?" असं विचारलं तर पर्याय दोनच, निम्मे जण नुसत्या अंदाजाने बरोबर येतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. मग मी हे लिहिलं:

```
*दिवस ३*
दोन्ही निलय एका ठोक्याला जवळपास सारखंच रक्त
बाहेर टाकतात. मग डाव्याचीच भिंत जाड का?
आधी वहीत एक ओळ लिहा. उत्तर रात्री ९ ला.
```

सारखंच रक्त हे आधीच सांगून टाकलं की "तो जास्त रक्त ढकलतो" हे चुकीचं उत्तर बाद होतं आणि मुलं दाबाकडे वळतात, उजवा फक्त जवळच्या फुप्फुसांपर्यंत कमी दाबाने पाठवतो, डाव्याला पूर्ण शरीराचा भार. रात्रीचं उत्तर एवढंच, दोन ओळी. मेसेज मोबाईलवर स्क्रोल न करता दिसला पाहिजे, लांब झाला की ॲप मध्येच कापतं आणि नेमका प्रश्न खाली लपतो. दिवसाचं नाव ठळक करायला व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंना `*` लावा, नंतर शोधायला सोपं जातं.

सगळ्यात भारी चालतात ते फसवे प्रश्न. "धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असतं, बरोबर की चूक? चूक असेल तर अपवाद सांगा." इथे फुप्फुस धमनी आठवावीच लागते. नुसतं बरोबर-चूक मात्र विचारू नका, कारण मागायचंच.

पुढचं काम वेळापत्रकाचं. रोज एक नवा प्रश्न, आणि चौथ्या दिवसापासून त्याच्यासोबत तीन दिवसांपूर्वीचा एक जुना. म्हणजे दिवस ४ ला नवा चौथा आणि जुना पहिला, दिवस ५ ला पाचवा आणि दुसरा. बारा प्रश्न बारा दिवसात संपतात, राहिलेले तीन जुने १३, १४, १५ ला, एकूण १५ दिवस. जुना प्रश्न तसाच टाकू नका, शब्द फिरवा, नाहीतर लोक वर स्क्रोल करून उत्तर चिकटवतात. निलयाचाच प्रश्न सहाव्या दिवशी मी "उजव्या निलयाची भिंत पातळ असून कसं चालतं?" असा टाकला आणि आधी बरोबर आलेल्यांपैकी दोघं अडकले.

सगळे मेसेज एकाच बसण्यात लिहून ठेवा. टेलिग्रामवर सेंडचं बटण दाबून धरलं की वेळ लावता येते, ते नसेल तर स्वतःलाच पाठवून ठेवा आणि रोज तिथून कॉपी करा. मी रोज लिहीन म्हणालो होतो तेव्हा चौथ्या दिवशीच विसरलो.

एक अडचण येतेच, हुशार पोरगी ३० सेकंदात उत्तर टाकते आणि बाकीचे "सेम" लिहून मोकळे. सगळीच उत्तरं बरोबर यायला लागली तर खूश होऊ नका, बघून लिहितायत असं समजा. व्हॉट्सॲपच्या पोलनेही हे सुटत नाही, कारण तिथे मत देण्याआधीच दुसऱ्यांची मतं दिसू शकतात. आम्ही नियम केला की रात्री नऊपर्यंत ग्रुपवर फक्त "झालं" लिहायचं आणि नऊ वाजता सगळ्यांनी वहीचा फोटो टाकायचा. ज्या प्रश्नाला तीनपेक्षा जास्त वह्या चुकल्या तो दोन दिवसांनी परत, आणि त्या दिवशी नवा प्रश्न नाही, वेळापत्रक एक दिवस पुढे सरकलं तरी चालेल.