रिकोर्सवर बिलं विकताना हिशेबाची तयारी

अंबड एमआयडीसीत आमचं पत्र्याच्या पॅनल बॉक्सचं काम आहे. मागच्या खेपेला एका फायनान्स कंपनीला रिकोर्सवर बिलं विकली, म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे दिले नाहीत तर ते आपणच परत करायचे या अटीवर फॅक्टरिंग केलं, आणि नोंदी मीच चुकवल्या. त्यामुळे दहा लाखांची थकलेली वसुली चार महिने कुणाच्याच नजरेत आली नाही. यंदा पुन्हा तीच सोय घेतोय, म्हणून आधी हे लिहून काढलं.

करारपत्र, केवायसी, चेकबुक, बोर्डाचा ठराव ही कागदपत्रं कंपनी स्वतःच मागून घेते. त्यावर वेळ घालवू नका. करारात फक्त एक कलम शोधा: गिऱ्हाईकाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर किती दिवसांनी बिल आपल्याकडे परत येतं. आमच्या करारात देय तारखेनंतर ३० दिवस होते. ती तारीख प्रत्येक बिलासमोर, देय तारखेच्या शेजारच्या रकान्यात लिहा. हे कलम आहे म्हणजे बुडीताचा धोका आपल्याच डोक्यावर आहे, आणि पुढची प्रत्येक नोंद यावरूनच ठरते.

आता माझी चूक. त्याआधी आम्ही ट्रेड्स या बिलं विकायच्या ऑनलाइन मंचावर बिलं टाकायचो. तिथे बिलावर पैसे देणारी बँक किंवा फायनान्स कंपनी वसुलीसाठी विक्रेत्याकडे परत येऊ शकत नाही. त्यामुळे पैसे मिळाले की पार्टीचं खातं जमा करून मिटवायचं, हीच सवय हाताला लागलेली. रिकोर्सच्या बिलालाही मी तेच केलं. तसं करायचं नाही. रिकोर्स असेल तर पार्टीचं खातं मिटवायचं नाही. पैसे बँकेत आले म्हणून येणं वसूल झालं असं होत नाही. ते येणं तारण ठेवून घेतलेलं कर्ज आहे, म्हणून नोंदही कर्जाचीच करायची.

आमचंच बिल घेऊ. सिन्नरच्या एका गिऱ्हाईकाचं जीएसटीसह १०,००,००० रुपयांचं. २० जानेवारीला कंपनीने ८० टक्के, म्हणजे ८,००,००० आगाऊ मंजूर केले. प्रोसेसिंग चार्ज बिलाच्या अर्धा टक्का ५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९०० कापून बँकेत ७,९४,१०० आले. नोंद अशी: बँक नावे ७,९४,१००, फॅक्टरिंग खर्च नावे ५,०००, जीएसटी क्रेडिट नावे ९००, आणि ‘फॅक्टरिंग अग्रिम’ या अल्पमुदतीच्या कर्जखात्याला जमा ८,००,०००. कर्ज पूर्ण आठ लाखांचं लिहा, हातात आलेल्या रकमेचं नको, नाहीतर चार्ज लपतो आणि जीएसटीचं क्रेडिटही हातचं जातं. पार्टीच्या खात्याला या दिवशी हातही लावायचा नाही. तिथे दहा लाख नावे दिसत होते, तसेच दिसू द्या.

उरलेल्या दोन लाखांच्या मार्जिनची नोंद कुठे करायची, असं आमच्या ऑफिसातल्या मुलाने विचारलं होतं. कुठेच करायची नाही. पूर्ण दहा लाखांचं येणं पुस्तकात आहेच. त्यातले दोन लाख पुन्हा ‘कंपनीकडून येणं’ म्हणून धरले तर एकच रक्कम दोनदा मोजली जाईल.

व्याज १४ टक्के, आठ लाखांवर, दिवसाला साधारण ३०७ रुपये. ते शेवटी कापलं जाणार असलं तरी ३१ मार्चपर्यंतच्या ७० दिवसांचे २१,४७९ रुपये त्याच वर्षाच्या खर्चात आणि ‘देय व्याज’ खात्यात धरा. कर्ज बँकेचं नसून एनबीएफसीचं असेल तर या व्याजावर टीडीएस कापायचा का, हे मंजुरीपत्र समोर ठेवून सीएंना पहिल्याच महिन्यात विचारून घ्या.

बिलाची देय तारीख २० एप्रिल. गिऱ्हाईकाने पैसे भरले नाहीत. ३० दिवस सरून २० मेला बिल परत आलं. कंपनीने आमच्याकडे पैसे मागितले नाहीत, थेट कापून घेतले. आमची इथे फसगत झाली. त्याच आठवड्यात दुसऱ्या तीन पार्ट्यांनी कंपनीकडे मिळून ५० लाख भरले होते. त्यातले ४० लाख आधीच आगाऊ घेतलेले, त्यांचं व्याजही महिन्याला वेगळं भरलेलं, म्हणजे दहा लाख मार्जिन परत यायला हवं होतं. बँकेत आले १,६३,१७८. तेव्हा सिन्नरच्या पार्टीच्या खात्यात माझ्याच नोंदीने शिल्लक शून्य होती. त्यामुळे कमी आलेले ८,३६,८२२ कशाचे ते कुणालाच सुचलं नाही आणि ते चक्क फायनान्स चार्जेसला टाकले गेले. खातं शून्य, म्हणून तगाद्याच्या यादीत नाव नाही. नाव नाही, म्हणून सिन्नरला फोनही नाही. म्हणूनच पुन्हा सांगतो, खातं मिटवू नका.

योग्य नोंद: तीन पार्ट्यांना जमा ५०,००,०००. समोर फॅक्टरिंग अग्रिम नावे ४८,००,०००, म्हणजे त्यांचे ४० लाख आणि सिन्नरचे ८ लाख. १२० दिवसांचं व्याज ३६,८२२, त्यातले २१,४७९ ‘देय व्याज’ खात्याला नावे आणि १५,३४३ यंदाच्या खर्चाला. बँक नावे १,६३,१७८. सिन्नरच्या पार्टीला काहीच नाही. तिचे दहा लाख पहिल्या दिवसापासून उभे आहेत, म्हणून उलटवायलाही काही नाही. कर्ज फिटलं, येणं राहिलं. विक्री रद्द करायची नाही, आणि पैसे आले नाहीत एवढ्या कारणाने क्रेडिट नोट काढून भरलेला जीएसटीही परत मिळत नाही. बुडेल असं वाटलं तर संशयित येण्याची तरतूद वेगळी करा.

कंपनीचं स्टेटमेंट दर आठवड्याला बिलवार मागवा. बँकेतल्या एका निव्वळ रकमेवरून कधीच नोंद करू नका. बँकेचा आकडा आणि अपेक्षित मार्जिन यांत फरक दिसला तर पहिला संशय परत आलेल्या बिलाचा घ्या.

बिल परत आलं की त्याच दिवशी कंपनीकडून हक्क परत दिल्याचं पत्र घ्या आणि त्याची प्रत गिऱ्हाईकाला पोचवा. पैसे कंपनीच्या खात्यात भरा अशी नोटीस त्याच्याकडे आधीच गेलेली असते. सिन्नरच्या अकाउंट्समधल्या माणसाने मला तेच ऐकवलं: “तुमच्या नावावर पैसे सोडायचे तर आधी त्यांचं पत्र आणा.” त्याचं बरोबर होतं. ते पत्र मिळवण्यात आणखी तीन आठवडे गेले.

उलट, बिल कंपनीकडे असताना पार्टीने चुकून आपल्याला पैसे भरले तर ते तसेच कंपनीकडे पाठवा, वापरू नका.

वर्षअखेरीला शिल्लक जुळवणीची पत्रं घ्या, कर्जखातं कंपनीच्या स्टेटमेंटशी आणि जीएसटीचं क्रेडिट पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी जुळवा. आणि विकलेल्या प्रत्येक बिलाच्या पार्टीचं खातं उघडून बघा, पैसे खरंच भरले जाईपर्यंत शिल्लक नावे दिसलीच पाहिजे.